तीन बाजूंवरून परित्रिज्या काढली, पण वर्तुळ तिसऱ्या बिंदूतून जातच नाही

आमचं काम मार्किंगचं. गोल प्लेटचं केंद्र काढायचं, अर्ध्या तुटलेल्या पुलीचा व्यास शोधायचा, गोलाईतल्या भिंतीला पुढे वाढवायचं, असली कामं फॅब्रिकेटर आणि गवंडी घेऊन येतात. संध्याकाळी डिप्लोमाची चार पोरं शिकवणीला येतात, त्यांच्याही वह्यांत हेच गणित असतं. तीन शिरोबिंदू, तीन बाजू, त्यावरून त्रिकोणाचं परिवर्तुळ. सूत्र सगळ्यांना पाठ असतं आणि चूक बहुतेकांची त्याच पाचसहा जागी होते.

```
R = abc / (4K)
```

a, b, c या बाजू, K हे क्षेत्रफळ, R ही परित्रिज्या.

लक्षणं

खालीलपैकी एक तरी दिसत असेल तर पुढे वाचा.

- कंपासनं वर्तुळ काढलं तर ते दोन शिरोबिंदूंतून जातं आणि तिसरा हुकतो.
- त्रिज्या सर्वांत मोठ्या बाजूच्या निम्म्याहूनही लहान आली.
- उत्तर बरोबर दुप्पट, चौपट किंवा शंभरपट वाटतं.
- कॅल्क्युलेटर वर्गमुळापाशी अडतो, शीटमध्ये #NUM! येतं.
- काल मोजलं तेव्हा २५ मीटर, आज त्याच खुंट्या मोजल्या तर २८.

शेवटचं लक्षण सर्वांत त्रासदायक आहे, कारण त्यात सूत्र बरोबर असतं, आकडेमोडही बरोबर असते. त्याच्याकडे सावकाश येऊ. आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या.

पहिली तपासणी: उत्तर शक्य तरी आहे का?

याला कॅल्क्युलेटरही लागत नाही. त्रिकोणाची प्रत्येक बाजू ही परिवर्तुळाची जीवा असते, आणि कोणतीही जीवा व्यासापेक्षा मोठी नसते. म्हणून परित्रिज्या सर्वांत मोठ्या बाजूच्या निम्म्यापेक्षा कमी येऊच शकत नाही. आली असेल तर मोजमापाला दोष देऊ नका, आकडेमोड चुकली आहे.

वरची मर्यादा फार कमी लोक वापरतात, खरं तर तीच जास्त कामाची. मोठ्या बाजूचा वर्ग करा आणि उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज करा. मोठीचा वर्ग बेरजेपेक्षा लहान असेल तर त्रिकोण लघुकोन. अशा त्रिकोणात सर्वांत मोठा कोन ६० ते ९० अंशांच्या मध्येच असतो, त्यामुळे परित्रिज्या मोठ्या बाजूच्या ०.५ ते ०.५७७ पट एवढ्या अरुंद पट्ट्यातच बसते. ०.५७७ पट समभुज त्रिकोणाला, ०.५ पट काटकोन त्रिकोणाला.

एक उदाहरण शेवटपर्यंत वापरू. गोल कापलेली लोखंडी प्लेट आली होती, मध्यभागी भोक पाडायचं होतं आणि केंद्राची खूण नव्हती. कडेवर तीन ठिकाणी पंच मारले आणि खुणांमधली अंतरं मोजली: १३०, १४० आणि १५० मिलिमीटर. १५० चा वर्ग २२,५००, उरलेल्या दोघांच्या वर्गांची बेरीज ३६,५००. त्रिकोण लघुकोन. म्हणजे सूत्राला हात लावण्याआधीच कळलं की त्रिज्या ७५ आणि ८६.६ मिमीच्या मध्ये आहे. याबाहेरचं उत्तर कुणी आणलं तर मी वहीही उघडत नाही, परत पाठवतो.

मोठीचा वर्ग बेरजेपेक्षा जास्त असेल तर त्रिकोण विशालकोन, आणि तिथे वरची मर्यादा नाही. त्रिज्या किलोमीटरभरही असू शकते. हे ध्यानात ठेवा, कारण तुटक्या तुकड्यावर किंवा भिंतीच्या गोलाईवर घेतलेले तीन बिंदू जवळजवळ नेहमी विशालकोनच देतात.

दुसरी तपासणी: त्रिकोण होतो का?

वर्गमुळाखाली ऋण संख्या आली तर दोन लहान बाजूंची बेरीज मोठीपेक्षा कमी आहे. असा त्रिकोणच नसतो. बहुतेक वेळा एक माप वहीत उतरवताना चुकलेलं असतं, किंवा टेप शून्याऐवजी मधल्याच आकड्यापासून धरलेला असतो. बेरीज मोठ्या बाजूएवढीच आली तर तिन्ही बिंदू एका रेषेत आहेत. त्यांतून वर्तुळ जात नाही आणि सूत्रात शून्यानं भागायची वेळ येते.

तिसरी तपासणी: चार कुठे गेला आणि अर्धपरिमिती कोणती धरली?

वह्यांमधल्या चुका मुख्यतः इथे सापडतात. आपल्या प्लेटचं खरं क्षेत्रफळ ८,४०० चौरस मिमी आणि खरी त्रिज्या ८१.२५ मिमी. पोरांनी आणलेली उत्तरं अशी होती:

३२५ आलं, म्हणजे खाली चार लिहायचा राहिला. १६२.५ आलं, म्हणजे चारऐवजी दोन लिहिले आणि व्यास काढून त्रिज्या समजलं. ४० आलं, म्हणजे क्षेत्रफळाला अर्धपरिमितीनं भागलं. ती अंतर्त्रिज्या, आतून तिन्ही बाजूंना टेकणाऱ्या वर्तुळाची. ७.११ आलं, म्हणजे बाजूंवरून क्षेत्रफळ काढायच्या हीरोच्या सूत्रात अर्धपरिमिती २१० ऐवजी पूर्ण परिमिती ४२० घातली. पहिल्या तपासणीतला ७५ ते ८६.६ चा पट्टा या चारांपैकी एकालाही आत येऊ देत नाही.

चार का येतो हे एकदा समजलं की तो विसरला जात नाही. भिल्लमालच्या ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्ये हाच नियम क्षेत्रफळाशिवाय दिला होता: त्रिकोणाच्या दोन बाजूंच्या गुणाकाराला त्यांच्या मधल्या लंबाच्या दुपटीनं भागा. येणाऱ्या लांबीला त्यानं हृदयरज्जू म्हटलं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतची दोरी. शिरोबिंदू C मधून व्यास काढा, त्याचं दुसरं टोक D. अर्धवर्तुळातला कोन काटकोन, म्हणून A पाशी काटकोन असलेला त्रिकोण CAD मिळतो. D आणि B हे कोन एकाच कंसावरचे, म्हणून समान. C मधून AB वर टाकलेल्या h उंचीच्या लंबानं B कोन असलेला तसाच काटकोन त्रिकोण तयार होतो. दोन्ही समरूप, म्हणून b : 2R = h : a. त्यातून R = ab / 2h. आता h च्या जागी 2K / c घाला. दोनाचे चार तिथे होतात.

खरं सांगायचं तर मी आता अर्धपरिमिती वापरतच नाही. हीरोच्या सूत्रातले सगळे अर्धे बाहेर काढले की चारपट क्षेत्रफळ थेट मिळतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. मोबाइलच्या शीटमध्ये बाजू A2, B2, C2 मध्ये लिहा आणि हे चिकटवा:

```
=A2*B2*C2/SQRT((A2+B2+C2)*(B2+C2-A2)*(A2+C2-B2)*(A2+B2-C2))
```

प्लेटसाठी कंसांत ४२०, १६०, १४० आणि १२० येतात. त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ ३३,६०० आणि वर २७,३०,०००. भागाकार ८१.२५. चार नाही, अर्धा नाही, मधलं क्षेत्रफळ लिहून पूर्णांकात आणण्याचा मोहही नाही. हा मोह चपट्या त्रिकोणात महागात पडतो: क्षेत्रफळ २.४८ ऐवजी २ लिहिलं तर त्रिज्या २५ ची ३१ होते.

चौथी तपासणी: एकक

बाजू मिमीमध्ये आणि क्षेत्रफळ कुणा दुसऱ्यानं चौरस सेंटीमीटरमध्ये दिलेलं. मग ८१.२५ च्या जागी ८,१२५ येतं, अगदी शंभरपट. हे पट्ट्यामुळे लगेच पकडलं जातं. धोक्याची चूक वेगळी आहे. एकच बाजू सेंटीमीटरमध्ये राहिली, १३० ऐवजी १३ लिहिली गेली, तर १३, १४० आणि १५० यांचा त्रिकोण होतो! १३ अधिक १४० म्हणजे १५३, त्रिकोणाची अट पाळली. त्रिकोण विशालकोन, वरची मर्यादा नाही. उत्तर ११३.४ येतं आणि दिसायला साजरं असतं. ही चूक वरच्या कुठल्याही गणिती चाळणीत अडकत नाही, तीन आकडे शेजारी ठेवून प्लेटकडे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मात्र सापडते.

पाचवी तपासणी: केंद्र कुठल्या बाजूला?

त्रिज्या बरोबर, वर्तुळ चुकीचं, असं झालं तर बहुधा केंद्र उलट्या बाजूला गेलं आहे. बाजूचा मध्य घ्या. त्यावरच्या लंबावर केंद्राचं अंतर हे त्रिज्येच्या वर्गातून निम्म्या बाजूचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढलं की मिळतं. प्लेटच्या १४० मिमी बाजूसाठी ते ४१.२५ मिमी येतं. पण सूत्र दिशा सांगत नाही, अंतर तेवढं सांगतं.

लघुकोन त्रिकोणात केंद्र आत असतं, त्यामुळे तिसऱ्या शिरोबिंदूच्या बाजूला मोजायचं. काटकोन त्रिकोणात ते कर्णाच्या मध्यावरच असतं, मोजायला काही उरत नाही. विशालकोन त्रिकोणात ते सर्वांत मोठ्या बाजूच्या पलीकडे जातं. ५, ५ आणि ८ मीटरच्या त्रिकोणात त्रिज्या ४.१७ मीटर आणि केंद्र ८ मीटरच्या बाजूपासून १.१७ मीटर बाहेर. गवंडी हमखास शिरोबिंदूच्याच बाजूला १.१७ मोजून खुंटी ठोकतो. मग दोरी मोठ्या बाजूच्या दोन टोकांवर चोख बसते आणि तिसऱ्या बिंदूपासून कुठल्या कुठे असते. पहिलं लक्षण आठवा.

सहावी तपासणी: त्रिकोण फार चपटा आहे का?

आता त्या २५ आणि २८ मीटरवाल्या भिंतीकडे. बागेच्या गोलाईतल्या जुन्या भिंतीला पुढे वाढवायचं होतं. गवंड्यानं भिंतीवर तीन खुणा केल्या: पहिल्या ते दुसरी ५ मीटर, दुसरी ते तिसरी ५ मीटर, पहिली ते तिसरी ९.९५ मीटर. त्रिज्या २५.०३ मीटर. दुसऱ्या दिवशी खात्रीसाठी पुन्हा मोजलं, लांब अंतर ९.९६ भरलं. त्रिज्या २७.९८. पोरगा म्हणाला, ९.९४ धरून पाहू. २२.८६ आली. एका सेंटीमीटरनं जवळजवळ तीन मीटर इकडे आणि दोन मीटर तिकडे.

का, ते शीटमधल्या शेवटच्या कंसात दिसतं. दोन लहान बाजूंची बेरीज वजा मोठी बाजू, म्हणजे १० मधून ९.९५ गेले, उरले फक्त ५ सेंटीमीटर. सगळी गोलाई या ५ सेंटीमीटरमध्ये साठवलेली आहे. त्यात १ सेंटीमीटरची चूक म्हणजे पाचवा हिस्सा गेला. वर्गमुळामुळे त्याचा साधारण निम्मा, दहाबारा टक्के, त्रिज्येत उतरतो. आता प्लेटकडे परत पाहा. तिथे हाच कंस १२० मिमीचा होता. १५० ऐवजी १५१ मोजलं तरी त्रिज्या ८१.२५ वरून ८१.४९ होते, एवढंच.

म्हणून मी आता उत्तराआधी तो उरलेला तुकडा पाहतो. माझ्या मोजण्यात जेवढी चूक होऊ शकते तिच्या पन्नासपट तरी तो असावा. साध्या टेपनं दहा मीटर मोजताना मी एक सेंटीमीटर चूक धरून चालतो: टेपला मधे झोळ पडतो, ओढ कमीजास्त होते, भिंतीच्या गिलाव्याला एकच धार नसते. मग तो तुकडा निदान अर्धा मीटर हवा. ५ सेंटीमीटर म्हणजे नुसता अंदाज.

उपाय दोन. पहिला, बिंदू आणखी दूर न्या. भिंत जितकी उपलब्ध आहे तितकी वापरा, दोन टोकं आणि मधला बिंदू. तीन खुणा हाताशी म्हणून जवळजवळ घेणं ही सर्वांत सामान्य चूक आहे आणि तिच्यावर कुठलंही सूत्र चालत नाही.

दुसरा, लहान दोन बाजू मोजण्याऐवजी उंची मोजा. दोन टोकांमध्ये दोरी घट्ट ताणा, आणि दोरीच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं लंब अंतर मोजा. जुन्या गणितात दोरीला जीवा आणि या अंतराला शर म्हणत. धनुष्याचीच कल्पना आहे. निम्म्या जीवेचा वर्ग भागिले शर, अधिक शर, म्हणजे व्यास. भास्कराचार्यांच्या लीलावतीत हाच नियम आहे. इथे c ही जीवा आणि h हा शर.

```
2R = (c/2)^2 / h + h
```

आपल्या भिंतीचा शर ५० सेंटीमीटर भरला. व्यास ५०, त्रिज्या २५. इथे शर ५१ वाचला तरी त्रिज्या २४.५२ येते. म्हणजे एका सेंटीमीटरला तीन मीटरऐवजी अर्धा मीटर. दोरीचा मध्य पाच सेंटीमीटर इकडेतिकडे झाला तरी शर एक मिलिमीटरही बदलत नाही, त्यामुळे मध्य शोधण्यात वेळ घालवू नका. अंतर दोरीला काटकोनात मोजलं जातंय ना, ते मात्र गुण्यानं पाहा. दोरी पंधरा मीटरची करता आली तर त्याच भिंतीचा शर १.१५ मीटरच्या आसपास जातो आणि एका सेंटीमीटरची चूक त्रिज्येत वीस सेंटीमीटरवर येते.

त्या भिंतीला आम्ही शेवटी तेच केलं. तेरा मीटरची दोरी मिळाली, तिच्यावर शर ८६ सेंटीमीटर भरला, त्रिज्या २५ मीटर. गवंड्याला २८ चीच ओढ होती, कारण ते आकडे त्यानं स्वतः मोजले होते. त्याला जुन्या भिंतीवर २५ आणि २८ अशा दोन्ही त्रिज्यांची दोरी फिरवून दाखवली तेव्हा तो गप्प झाला. ते बघणंच पुढची तपासणी आहे.

सातवी तपासणी: चौथा बिंदू

एका रेषेत नसलेल्या कोणत्याही तीन बिंदूंतून एक वर्तुळ जातंच, आणि अगदी नेमकं जातं. वस्तू गोल नसली, दबून अंडाकृती झाली असली तरीही. त्यामुळे तिन्ही बिंदू बसले हा गोल असल्याचा पुरावा नाही. काढलेल्या केंद्रापासून कडेवरचा आणखी एक बिंदू मोजा, शक्यतो पहिल्या तिघांपासून दूरचा. किंवा कडेवर दुसरे तीन पंच मारून सगळं पुन्हा काढा.

प्लेटला चौथ्या ठिकाणी ८१ आणि पाचव्या ठिकाणी ८१.५ मिळालं. गॅसनं कापलेल्या कडेसाठी हे छान. केंद्राला पंच मारला, भोक पाडलं. दुसऱ्या एका प्लेटला एकीकडे ७९ आणि आडवं ८४ मिळालं होतं. ती प्लेट गोल नव्हतीच आणि तिचं परिकेंद्र काढणं म्हणजे कुठल्या तीन बिंदूंचं, हा प्रश्न. ती मालकाला परत दिली.

इथे थांबा

लेथवर जाणारी पुली किंवा फ्लायव्हील असेल तर हातानं काढलेलं केंद्र भोक पाडण्यापुरतं ठीक, फिरवण्यासाठी नाही. वेगानं फिरणाऱ्या वस्तूचं केंद्र अर्धा मिमी जरी सरकलं तरी ती थरथरते आणि बेअरिंग खाते. टर्नरकडे द्या, तो चकमध्ये धरून डायल लावेल आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सरळ करेल.

तुटक्या तुकड्याचा कंस इतका लहान असेल की शर तुमच्या मोजपट्टीच्या दोनचार घरांएवढाच भरतो, तर तीन बिंदूंवर विसंबू नका. ज्या वर्कशॉपमध्ये सीएमएम आहे तिथे तुकडा न्या. ते मशीन कडेवर वीसतीस बिंदू घेतं आणि त्या सगळ्यांना सर्वांत जवळ बसेल असं एकच वर्तुळ काढतं.

आणि जमिनीची हद्द, रस्त्याचं वळण किंवा नाल्याची भिंत असेल, म्हणजे दोन मीटरची चूक कुणाच्या तरी प्लॉटमध्ये शिरणार असेल, तर दोरी गुंडाळा आणि टोटल स्टेशनवाल्या सर्वेअरला बोलवा. त्याची फी जागेप्रमाणे बदलते. पण भिंत पाडून पुन्हा बांधायला गवंडी किती घेतो, ते मी त्या बागेत विचारून ठेवलं होतं.